सिबिल सुधारलं, आता चालू कर्जाचा व्याजदर कमी करून मागायचा अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या शाखेत घर बांधायला कर्ज काढलं, तेव्हा स्कोअर कमी होता म्हणून दर जास्त लागला. आता हप्ते वेळेवर जात आहेत, स्कोअर वाढला आहे, पण दर तोच आहे. यवतमाळ, वर्धा, वाशीम, बुलढाण्याकडच्या गावांतून याच गोष्टीची विचारणा सारखी होते. खालची उत्तरं मुख्यतः सरकारी किंवा खाजगी व्यापारी बँकेच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाबद्दल आहेत, कारण अर्जाचा खरा उपयोग तिथेच होतो. बाकीच्या कर्जांचं काय, तेही ओघात येईल.

स्कोअर वाढला की बँक दर आपोआप कमी करत नाही का?

नाही. आपोआप कमी होतो तो रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या दराशी, जोडलेला भाग. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2025 मध्ये रेपो 5.25 टक्क्यांवर आणला, तर ज्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं आहे त्यांना ती घट जास्तीत जास्त तीन महिन्यांत मिळायला हवी. त्यासाठी अर्ज लागत नाही.

स्कोअरचं तसं नाही. कर्ज मंजूर करताना बँकेने तुमची जोखीम एकदा मोजली आणि त्यावरून दरात एक अधिभार धरला. तुम्ही विचारल्याशिवाय ती मोजणी सहसा कोणी पुन्हा करत नाही. म्हणून अर्ज.

माझ्या दरात स्कोअरचा भाग नेमका कुठे असतो?

1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली आहेत. दराचे दोन भाग असतात: खाली रेपो, आणि त्यावर बँकेने लावलेला फरक, ज्याला बँकेत ‘स्प्रेड’ म्हणतात. या स्प्रेडच्या पोटात पुन्हा दोन गोष्टी असतात. एक बँकेचा खर्च-नफा. दुसरी तुमच्या जोखमीचा अधिभार, म्हणजे क्रेडिट रिस्क प्रीमियम. शाखेत त्याला सरळ ‘सीआरपी’ म्हणतात. तुमचा स्कोअर काम करतो तो फक्त या शेवटच्या तुकड्यावर.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच हा अधिभार बदलता येतो, आणि तोही कर्जाच्या करारात ठरल्याप्रमाणे. मोठा बदल म्हणजे किती, हे नियमात आकड्याने दिलेलं नाही. ते बँकेच्या धोरणात आणि तुमच्या करारात असतं. स्प्रेडचे बाकीचे भाग पूर्वी तीन वर्षांतून एकदाच बदलता येत. 1 ऑक्टोबर 2025 पासून कर्जदाराच्या फायद्यासाठी ते बँकेला त्याआधीही कमी करता येतात. अर्जात या दोन्ही गोष्टींचा आधार घ्यायचा.

एक मात्र नीट समजून घ्या: नियम बँकेला दर कमी करण्याची मोकळीक देतो, सक्ती करत नाही. अर्ज हक्काच्या भाषेत कमी आणि हिशेबाच्या भाषेत जास्त लिहायचा, तो त्यामुळेच.

अर्ज करण्याआधी काय काय काढून ठेवायचं?

सगळ्यात आधी मंजुरीपत्र. बहुतेकांकडे ते घराच्या कागदांच्या पिशवीत असतं, नसेल तर शाखेतून प्रत मागा. त्यात व्याजदराचा परिच्छेद शोधा: रेपो किती धरला होता, स्प्रेड किती, त्यातला अधिभार वेगळा दाखवला आहे का, आणि स्कोअर बदलल्यास अधिभार बदलेल असं वाक्य आहे का. 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या कर्जाला ‘मुख्य तथ्य विवरण’ जोडलेलं असतं, त्यात दराची माहिती सोपी दिलेली असते. जुन्या कर्जाला मंजुरीपत्र आणि करारच चाळावा लागतो.

दुसरा कागद, स्कोअरचा पूर्ण अहवाल. मोबाइलवर दिसणारा नुसता आकडा चालत नाही. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. मंजुरीच्या वेळी बँकेने ज्या कंपनीचा स्कोअर धरला, त्याच कंपनीचा आताचा अहवाल जोडा. फुकटच्या ॲपवर दिसणारा आकडा पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचा असतो. तो जोडला तर शाखा एका ओळीत अर्ज परत करते.

तिसरं, बँकेच्या संकेतस्थळावरचा आजचा गृहकर्जाच्या दरांचा तक्ता, स्कोअरच्या टप्प्यांसह. त्याची छापील प्रत काढा. हा कागद फार कामाचा आहे, तो का ते पुढच्या उत्तरात येतं.

स्कोअर किती वाढला तर अर्ज करण्यात अर्थ आहे?

किती वाढला यापेक्षा तो टप्पा ओलांडून गेला का, हे पाहा. बँका स्कोअरचे टप्पे करतात आणि टप्प्यानुसार दर ठेवतात. समजा एका बँकेचा टप्पा 750 ला बदलतो. मग 744 चा 753 झाला, तर नऊच गुण वाढूनही मागणीला आधार आहे. 760 चा 785 झाला आणि दोन्ही एकाच टप्प्यात पडतात, तर पंचवीस गुण वाढूनही हातात काही पडणार नाही. प्रत्येक बँकेचे टप्पे वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या बँकेवरून अंदाज बांधू नका.

कर्जात बायको, भाऊ किंवा वडील सहकर्जदार असतील तर त्यांचाही अहवाल काढा. पुष्कळ ठिकाणी दोघांपैकी कमी स्कोअर धरला जातो. तुमचा 780 झाला, पण भावाचा 690 वर अडकला असेल तर फाइल तिथेच थांबते.

पीक कर्जाचं नवं-जुनं राहिलं आहे. आता अर्ज करू का?

आधी नवं-जुनं करा. आपल्याकडे गृहकर्ज एका बँकेत आणि पीक कर्ज दुसरीकडे असतं, आणि लोकांना वाटतं की दोघांचा संबंध नाही. अहवालात मात्र दोन्ही खाती एकाखाली एक दिसतात. पीक कर्ज कागदावर थकीत व्हायला दोन हंगाम लागतात हे खरं, पण मुदत उलटून गेलेले दिवस अहवालात त्याआधीच दिसायला लागतात. सोयाबीनचे पैसे हातात आले, कापूस विकायचा आहे, सोसायटीचं उद्या बघू, असं म्हणत मार्च निघून जातो आणि तेवढ्यात स्कोअर खाली येतो.

अधिभार दोन्ही बाजूंनी बदलू शकतो हे इथे लक्षात ठेवा. पत खालावली तर करारात असेल त्याप्रमाणे बँकेला तो वाढवताही येतो. खातं अर्धवट असताना स्वतःहून फेरमूल्यांकन मागणं शहाणपणाचं नाही. 1 जानेवारी 2025 पासून बँका पंधरवड्याला माहिती पाठवतात. तेव्हा नवं-जुनं केल्यावर महिनाभर थांबा, नवा अहवाल काढा, खातं नियमित दिसतंय याची खात्री करा आणि मग अर्ज लिहा.

मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला असाल तर तेही खातं तुमच्या अहवालात दिसू शकतं. त्याचे हप्ते तटले असतील तर आधी त्याच्याशी बोला.

अहवालातच चूक असेल तर?

बंद केलेलं कर्ज चालू दिसणं किंवा दुसऱ्याचं खातं आपल्या नावावर असणं, अशा चुका सापडतात. तक्रार त्या कंपनीकडे करा आणि त्याची प्रत ज्या बँकेने माहिती पाठवली तिलाही द्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. चूक दुरुस्त झाल्यावरच दराचा अर्ज करा, दोन्ही विषय एका कागदावर आणू नका.

एखादं उदाहरण हिशेबासह सांगाल का?

दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवणाऱ्या एका कर्जदाराचं उदाहरण घेऊ. रेपोचे आकडे खरे आहेत, बँकेचा स्प्रेड समजण्यासाठी धरलेला आहे.

कर्ज नोव्हेंबर 2022 मध्ये मंजूर झालं. तेव्हा रेपो 5.90 होता. अतिवृष्टीच्या वर्षी दुचाकीचे हप्ते उशिरा गेल्यामुळे स्कोअर 691 होता. बँकेने खर्च-नफ्याचे 2.65 आणि जोखमीचे 0.90 असा 3.55 चा स्प्रेड लावला आणि दर 9.45 झाला. पुढे रेपो आधी वाढला, मग उतरत 5.25 वर आला. स्प्रेड तोच राहिल्याने आजचा दर 8.80 आहे. दर उतरलेला दिसतो म्हणून कर्जदार समाधानी असतो, पण ही सगळी घट रेपोची आहे.

आता स्कोअर 778 आहे. बँकेच्या आजच्या तक्त्यात या टप्प्याला जोखमीचे 0.30 लागतात. म्हणजे तसंच नवं गिऱ्हाईक आज आलं तर त्याला 8.20 मिळेल. तफावत 0.60 ची आहे आणि मागणी तेवढीच करायची.

बाकी मुद्दल 12 लाख आणि 144 हप्ते उरले असतील, तर 8.80 ला हप्ता सुमारे 13,522 रुपये येतो आणि 8.20 ला सुमारे 13,121. महिन्याला 400 रुपये वाचतात, शेवटपर्यंत साधारण 57 हजार. पण हप्ता कमी न करता जुनाच 13,522 चालू ठेवला, तर कर्ज सात हप्ते आधी फिटतं आणि बचत 95 हजारांच्या घरात जाते. ज्यांना महिन्याचे चारशे रुपये जड नाहीत त्यांनी दुसरा मार्गच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्जात तसं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर काय करायचं ते बँक आपल्या पद्धतीने ठरवते.

अर्ज कसा लिहायचा?

एका पानात. घरची अडचण, पोरीचं लग्न, पावसाने केलेलं नुकसान यात आणू नका. ते खरं असलं तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून जोखीम वाढल्याचंच दिसतं. वरच्या कर्जदाराचा अर्ज असा होईल:

> दिनांक: ________
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> ________ बँक, शाखा दारव्हा, जि. यवतमाळ
>
> विषय: गृहकर्ज खाते क्र. ________ च्या व्याजदरातील क्रेडिट रिस्क प्रीमियमचे फेरमूल्यांकन करून दर कमी करणेबाबत.
>
> महोदय,
>
> माझे वरील गृहकर्ज नोव्हेंबर 2022 मध्ये मंजूर झाले. मंजुरीच्या वेळी माझा सिबिल स्कोअर 691 होता व त्यानुसार रेपो दरावर 3.55 टक्के स्प्रेड आकारण्यात आला, त्यात क्रेडिट रिस्क प्रीमियम 0.90 टक्के आहे (मंजुरीपत्र, परिच्छेद क्र. ____).
>
> त्यानंतर या कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. दुचाकीचे कर्ज पूर्ण फेडले आहे व पीक कर्ज मुदतीत नूतनीकृत केले आहे. दिनांक ________ च्या अहवालानुसार माझा स्कोअर 778 आहे. सहकर्जदाराचा स्कोअर ____ आहे.
>
> आपल्या बँकेच्या प्रचलित तक्त्यानुसार या टप्प्यातील कर्जदारास 0.30 टक्के प्रीमियम लागू आहे. कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाल्यास करारानुसार क्रेडिट रिस्क प्रीमियममध्ये बदल करता येतो, तसेच स्प्रेडचे इतर घटक कर्जदाराच्या हितासाठी तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीही कमी करता येतात, अशी रिझर्व्ह बँकेच्या व्याजदरविषयक निर्देशांत तरतूद आहे.
>
> तरी माझ्या खात्याचे फेरमूल्यांकन करून व्याजदर 8.80 वरून 8.20 टक्के करावा, ही विनंती. दर कमी झाल्यावर हप्त्याची रक्कम तीच ठेवून मुदत कमी करावी. यासाठी काही शुल्क असल्यास ते आकारण्यापूर्वी लेखी कळवावे. विनंती मान्य करता येत नसल्यास कारणासह लेखी उत्तर द्यावे.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, मोबाइल)
>
> सोबत: मंजुरीपत्राची प्रत; दोघांचे स्कोअर अहवाल; कर्जखात्याचा उतारा; दुचाकी कर्जाचा ना-हरकत दाखला; बँकेच्या दरतक्त्याची प्रत; मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे.

मंजुरीपत्रात अधिभार वेगळा दाखवला नसेल तर आकडा अंदाजाने लिहू नका. त्याऐवजी ‘स्प्रेडमधील क्रेडिट रिस्क प्रीमियम किती आहे ते कळवून त्याचे फेरमूल्यांकन करावे’ असं लिहा.

अर्ज मराठीत चालेल का?

शाखेत चालतो. पण निर्णय बहुधा शाखेत होत नाही, फाइल क्षेत्रीय कार्यालयात किंवा कर्ज प्रक्रिया केंद्रात जाते आणि ते नागपूर-अमरावतीला असतं. तिथे बसलेला अधिकारी कधी मराठी वाचणारा नसतो. सोबत इंग्रजी प्रत जोडली तर कागद वेळेत पुढे सरकतो.

‘ठेवून जा, बघतो’ असं म्हणाले. काय करू?

पोच घेतल्याशिवाय ठेवून येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही मागा. ‘साहेब नाहीत’ म्हणून शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि शाखेच्या ईमेलवरही टाका. पुढच्या प्रत्येक तक्रारीत अर्ज कधी दिला याचा पुरावा हाच असतो, म्हणून हा शिक्का महत्त्वाचा. तोंडी बोलण्याची तारीख कुठेच धरली जात नाही.

बँक म्हणते, ‘दर बदलायचा तर रूपांतर शुल्क भरा.’ भरावं का?

आधी विचारा की शुल्क कशाचं. तुमचं कर्ज 2019 च्या आधीचं असेल, जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेट पद्धतीत असेल, तर रेपोच्या पद्धतीत यायला काही बँका शुल्क घेतात. तो वेगळा विषय आहे, पण अशा खात्यात पहिली मागणी तीच करायची, कारण त्यातच जास्त पैसे वाचू शकतात. शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून हिशेब करा. वरच्या उदाहरणात पाच हजारांचं शुल्क जीएसटीसह 5,900 होतं आणि महिन्याला 400 च्या बचतीने पंधरा महिन्यांत निघतं. 144 हप्ते बाकी असताना ते भरणं परवडतं. दोनच वर्षं उरली असतील तर मुद्दल कमी असल्याने बचतही कमी असते, तेव्हा सोडून द्या.

‘नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेतो’ असं अर्जात लिहू का?

खरंच नेता येत असेल तरच. बदलत्या दराचं, घरासाठी घेतलेलं व्यक्तीचं कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही, त्यामुळे शहरात हा मुद्दा वजनदार ठरतो. गावात अडचण मालमत्तेच्या कागदांची असते. घर गावठाणात, हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि तेवढ्यावर कर्ज द्यायला दुसरी बँक सहसा तयार होत नाही. तुमच्या बँकेलाही हे ठाऊक असतं. आधी दुसऱ्या बँकेत कागद दाखवून लेखी प्रस्ताव घ्या आणि मिळाला तर त्याची प्रत जोडा. नाही मिळाला तर हे वाक्य गाळा, अर्ज त्यावाचून दुबळा होत नाही.

पीक कर्ज, सोनेतारण, ट्रॅक्टर, वैयक्तिक कर्ज यांना हा अर्ज चालतो का?

पीक कर्जाला नाही. त्याचा दर स्कोअरवर नाही, सरकारी व्याज सवलतीवर चालतो. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडतं, म्हणून तिथे मुदत पाळणं हाच मार्ग. सोनेतारणात तारण सोन्याचं असतं, स्कोअर वाढल्याने काही हलत नाही.

ट्रॅक्टरचं आणि वैयक्तिक कर्ज पुष्कळदा स्थिर दराचं असतं. तिथे विनंती करता येते, पण दर करारानेच बांधलेला असल्याने नकार आला तर फारसं पुढे जाता येत नाही. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर तिला रेपोशी जोडण्याचं बंधन नाही. मात्र जोखमीनुसार दर कसा ठरवला, हे तिने अर्जाच्या नमुन्यात आणि मंजुरीपत्रात सांगायचं असतं. अर्जात तेवढाच धागा पकडा. ग्रामीण बँक, जिल्हा बँक आणि पतसंस्थेत त्यांच्या त्यांच्या धोरणाप्रमाणे चालतं. तिथे सचिव किंवा व्यवस्थापकाकडे व्याजदराचं परिपत्रक मागून मगच लिहा.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर?

आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, सोबत पोच असलेली प्रत जोडा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

लोकपालाची मर्यादाही माहीत हवी. दर किती असावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, त्यात तो हात घालत नाही. त्यामुळे ‘मला 8.20 मिळवून द्या’ अशी तक्रार टिकत नाही. टिकते ती अशी: मंजुरीपत्रात स्कोअर बदलल्यास अधिभार बदलेल असं लिहिलं आहे आणि बँकेने तसं केलं नाही, किंवा मी अमुक तारखेला अर्ज दिला, आजवर उत्तर नाही.

अर्ज मंजूर झाला. मागचं जास्तीचं व्याज परत मिळेल का?

नाही. नवा दर लागू झाल्याच्या तारखेपासूनच फायदा मिळतो. म्हणून स्कोअरने टप्पा ओलांडला की अर्ज लांबवू नका.

मंजुरीनंतर बँकेकडून नवा दर, तो लागू झाल्याची तारीख आणि उरलेले हप्ते लेखी घ्या. पुढच्या तिमाहीचं विवरण आलं की त्यात तीन आकडे पाहा: दर, हप्ता आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या. हप्ता तोच ठेवायला सांगितलं होतं तर उरलेले हप्ते कमी झालेले दिसायला हवेत. दर उतरलेला दिसतो, हप्ताही तोच आहे आणि हप्त्यांची संख्या मात्र जुन्याच हिशेबाने चालू आहे, तर मुदतीचा बदल प्रणालीत भरायचा राहिला आहे. त्याच आठवड्यात पोचेची प्रत घेऊन शाखेत जा आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक छापून मागा.